झेब्राचे पट्टे आणि साच्यातला उतार

गाडीच्या बाहेरच्या आरशाचं प्लास्टिकचं कवच दिसायला साधं असतं. खालच्या व्हेरिएंटला ते काळं, दाणेदार आणि बिनरंगाचं येतं, वरच्या व्हेरिएंटला गाडीच्या रंगात चकचकीत. आकार मात्र दोन्हींचा एकच. स्टायलिंगवाल्याने तो आकार नजरेसाठी घडवलेला असतो आणि टूलरूमला तो पोलादाच्या दोन अर्ध्यांमधून ओरखडा न पडता बाहेर काढायचा असतो. या दोन अपेक्षा तपासायला सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळी बटणं आहेत: झेब्रा आणि ड्राफ्ट. बहुतेक ठिकाणी ती वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या दिवशी दाबतात. या क्षेत्रातल्या अर्ध्या कटकटी तिथूनच सुरू होतात असं माझं मत आहे, कारण दोन्ही तपासण्या शेवटी एकाच गोष्टीकडे बघतात: पृष्ठभागावरच्या प्रत्येक बिंदूपाशी उभ्या असलेल्या लंबाकडे, म्हणजे नॉर्मलकडे.

झेब्राचा उगम कारखान्यातला आहे. मोटारीच्या बॉडीचा पत्रा ट्यूबलाइटच्या रांगांखाली उभा करून त्यातलं प्रतिबिंब पाहायची पद्धत संगणकाच्या आधीची. पत्र्यात कुठे पोचा असेल तर ट्यूबची सरळ रेघ तिथे लचकते. १९८० साली आर. क्लास यांनी हीच गोष्ट गणितात मांडली: संगणकातल्या पृष्ठभागावर प्रतिबिंब-रेषा काढायच्या आणि त्यांच्या वागण्यावरून पृष्ठभाग दुरुस्त करायचा. १९८४ मध्ये टी. पोश्ल यांनी आयसोफोट वापरले, म्हणजे प्रकाशाच्या एका दिशेशी नॉर्मल जिथे सारखाच कोन करतो अशा रेषा. आजचं झेब्रा त्याच घराण्यातलं आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक काल्पनिक आवरण वस्तूभोवती असतं आणि पृष्ठभाग आरसा असता तर ते त्यात कसं दिसलं असतं, ते पडद्यावर उमटतं.

पट्टे वाचायची किल्ली अशी की प्रतिबिंब नॉर्मलवर ठरतं, त्यामुळे पट्टा पृष्ठभागापेक्षा नेहमी एक पायरी खाली असतो. दोन पॅच नुसते कडेला कड लावून ठेवले असतील, म्हणजे जी-०, तर पट्टे सांध्यावर तुटून बाजूला सरकतात. स्पर्शरेषा जुळली असेल, म्हणजे जी-१, तर पट्टे जुळतात पण सांध्यावर कोपर मारल्यासारखे वळतात. वक्रताही जुळली, म्हणजे जी-२, तर पट्टा सांधा कुठे आहे हे न सांगता गुळगुळीत पार होतो. त्यापुढचं जी-३ डोळ्याने ओळखणं कठीण. तिथे वक्रतेची कंगवा-आकृती काढून बघावी लागते.

डोळा इतका तिखट का, हे एका साध्या हिशोबातून कळतं. पृष्ठभाग १ अंशाने कलला की परावर्तित किरण २ अंशांनी वळतो. ट्यूब ३ मीटरवर असेल तर तिचं प्रतिबिंब तिथल्या तिथे जवळजवळ १० सेंटिमीटरची उडी घेतं. स्पर्शाला न जाणवणारी चूक उजेडात लगेच दिसते. म्हणूनच सॉफ्टवेअरची कोनाची टॉलरन्स फसवी ठरते. राइनोमध्ये ती मूळ सेटिंगला १ अंश असते. तेवढ्या फरकाला प्रोग्राम खुशाल ‘जुळलं’ म्हणेल, आणि चकचकीत काळ्या कवचावर गिऱ्हाईकाला रेघ दिसेल. शोरूममध्ये दिसणाऱ्या पृष्ठभागासाठी ही टॉलरन्स ०.१ अंशापर्यंत खाली आणावी.

झेब्रा खोटंही बोलतं, आणि त्यातला मोठा वाटा पडद्यावरच्या जाळीचा असतो. पट्टे मूळ पृष्ठभागावर उमटत नाहीत, त्याच्या त्रिकोणी जाळीवर उमटतात. जाळी जाडी असेल तर चांगला पृष्ठभागही दातेरी दिसतो आणि माणूस नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. पट्टे थरथरताना दिसले तर आधी जाळी बारीक करायची. थरथर गेली तर दोष जाळीचा होता. राहिली तर पृष्ठभागाचा. दुसरा वाटा दिशेचा. पट्टे सांध्याला समांतर धावत असतील तर सांधा लपतो, ते त्याला आडवे गेले तरच तो बोलतो. रुंद पट्टे आकाराचा एकूण ओघ दाखवतात, बारीक पट्टे स्थानिक लहरी. म्हणून रिव्ह्यूमध्ये झेब्राचं एकच चित्र पाठवलं गेलं की मी ते पुरावा मानत नाही. मॉडेल हातात घेऊन फिरवून बघायचं, पट्ट्यांची दिशा आणि जाडी बदलायची, तेव्हा कुठे पृष्ठभाग कळतो. चांगला कोन निवडून काढलेल्या चित्रात तर काहीही चांगलं दिसतं.

आता दुसरं बटण. कुल्फीचा साचा निमुळता असतो म्हणून कुल्फी बाहेर येते. ड्राफ्ट म्हणजे तेच निमुळतेपण, अंशांत मोजलेलं. साचा उघडण्याची दिशा ठरवायची. नॉर्मल आणि ती दिशा यांच्यातला कोन ९० अंशांतून वजा केला की त्या बिंदूचा ड्राफ्ट मिळतो. शून्य म्हणजे भिंत दिशेला समांतर, ऋण म्हणजे भिंत आत वळलेली, म्हणजेच अंडरकट. गुळगुळीत भिंतीला साधारण १ ते १.५ अंश मागतात, अगदी अडचणीत ०.५ वर भागवतात. दाणेदार पोत असेल तर हिशोब बदलतो, कारण प्रत्येक दाणा हा स्वतःच एक चिमुकला अंडरकट असतो. पोताच्या प्रत्येक ०.०२५ मिलिमीटर खोलीमागे आणखी १ ते १.५ अंश धरायची पद्धत आहे. म्हणजे ०.०५ मिलिमीटर खोलीच्या साध्या पोताला सुद्धा ३ अंश तरी हवेतच.

ड्राफ्टच्या नकाशात रंग दिसतात आणि रंगांमुळे माणूस निर्धास्त होतो. तिथे दोन-तीन गोष्टींचं भान ठेवावं लागतं. लाल रंग म्हणजे चूक असं नाही. कोअरच्या बाजूचे पृष्ठभाग लाल असणारच, कारण ते दुसऱ्या दिशेने सुटतात. सरफेस मॉडेलमध्ये एखाद्या पॅचचा नॉर्मल उलटा असेल तर तो पॅच विनाकारण रंग बदलतो. आणि वक्र पृष्ठभागावर ड्राफ्ट बिंदूगणिक बदलतो, त्यामुळे एका पॅचला एकच रंग देणारी तपासणी इथे निरुपयोगी. रंग सलग बदलणारी तपासणीच हवी. सॉलिडवर्क्समध्ये ज्या पॅचवर ड्राफ्ट धनाकडून ऋणाकडे ओलांडतो त्याला `Straddle faces` या नावाने वेगळं दाखवतात. स्टाइल केलेल्या भागात खरी बातमी तिथेच असते.

आरशाच्या कवचावर हे प्रत्यक्ष कसं घडतं ते पाहू. आकडे मी समजायला सोपे घेतले आहेत, पण प्रसंग रोजचा आहे. कवच ही एक वाटी. तिचं तोंड चालकाकडे, जिथे काच बसते. साचा तोंडाच्या दिशेने उघडतो, आणि पार्टिंग लाइन तोंडाच्या कडेवर हवी, कारण तिथे ती काचेच्या फटीत लपते. स्टायलिंगवाल्याने खालची बाजू तोंडाजवळ किंचित आत वळवली आहे. आकार भरीव दिसतो, रस्त्याचं प्रतिबिंब छान गुंडाळलं जातं. नकाशा काढल्यावर दिसतं की खालच्या बाजूला कडेपासून ४० मिलिमीटर मागे ड्राफ्ट ७ अंश आहे, तो पुढे सारखा कमी होत जातो, कडेच्या जरा अलीकडे शून्य होतो आणि कडेवर उणे ०.८ अंशावर पोचतो. वरच्या बाजूला कडेवर अधिक ३.५ अंश आहेत.

उणे ०.८ अंशाचा अंडरकट खरं तर नगण्य वाटतो. शून्य रेषेपासून कडेपर्यंतचं अंतर जेमतेम ४ मिलिमीटर, आणि त्यात भिंत आत येते ती ०.०३ मिलिमीटर. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. एबीएस एवढं लवचीक असतं की भाग साच्यातून निघेलही. पण निघताना ती कड पोलादाला घासून येईल, आणि प्रत्येक शॉटला चकचकीत पृष्ठभागावर एक मळकट पट्टा उमटेल. दाणेदार आवृत्तीत तर पोत तिथे पुसलाच जाईल.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे पार्टिंग लाइन शून्य रेषेवर सरकवणे. तिथे बाहेरची अडचण सुटते, पण गाडीच्या रंगातल्या पृष्ठभागावर मधोमध एक रेघ येते, आणि आतल्या बाजूने कोअर तसाच अडकलेला राहतो, कारण भिंत सारख्या जाडीची असेल तर आतला पृष्ठभागही तितकाच वळलेला असतो. आतला तिढा भिंत थोडी खरवडून सुटतो. बाहेरच्या रेघेवर इलाज नाही. पृष्ठभागावर एखादी धारदार कॅरेक्टर लाइन असती तर गोष्ट वेगळी होती. जिथे पट्टे मुद्दाम तोडलेले आहेत तिथे पार्टिंग लाइन खुशाल ठेवावी, कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा उपाय दिशा कलवण्याचा. साचा उघडण्याची दिशा तोंडाकडे जाताना २ अंश वर कलवली तर खालच्या कडेचा ड्राफ्ट १.२ होतो आणि वरचा १.५. गुळगुळीत आवृत्तीसाठी काम झालं, आणि पृष्ठभागाला बोटही लावलं नाही. किंमत आत मोजावी लागते. काचेच्या मोटरसाठीचे बॉस जुन्या दिशेला धरून १ अंश ड्राफ्टने काढलेले असतील तर त्यांची एक बाजू आता ३ अंश होते आणि दुसरी उणे १. तेही नव्या दिशेला फिरवून घ्यावे लागतात. हे लवकर केलं तर तासाभराचं काम, बॉसवर असेंब्ली ठरून गेल्यावर केलं तर भांडण.

पण दाणेदार आवृत्ती या उपायाने सुटत नाही, आणि ती सुटणार नाही हे आधीच कळू शकतं. दिशा कलवल्याने खालच्या बाजूला जेवढं मिळतं तेवढंच वरच्या बाजूचं जातं. दोन्ही कडांची बेरीज कायम राहते: ३.५ आणि उणे ०.८ मिळून २.७ अंश. पोताला दोन्हीकडे ३ म्हणजे एकूण ६ हवेत. दिशा कशीही फिरवा, ३.३ अंश कमीच पडणार. ही बेरीज कागदावर पाच मिनिटांत होते. ती न करता लोक दिशा कलवत बसतात, अर्धा अंश इकडे, अर्धा तिकडे, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूला नवा लाल डाग उगवतो. ३.३ अंश पृष्ठभागातूनच काढायचे असतात. तेव्हा दिशा फक्त अर्धा अंश कलवायची, म्हणजे वरची बाजू नेमकी ३ वर येते. खालची कड उणे ०.३ वर येते आणि तिथे पृष्ठभाग बदलायचा.

इथे झेब्रा परत कथेत येतं. घाईतला माणूस ड्राफ्टची कमांड देतो: ४० मिलिमीटर मागे एक रेषा बिजागरासारखी धरून पुढचा सगळा पट्टा ३.३ अंश बाहेर फिरवतो. नकाशा हिरवा होतो. झेब्रात त्या रेषेवर पट्टे सरळ तुटतात, कारण नॉर्मलने तिथे ३.३ अंशांची उडी घेतली. मग त्यावर ५ मिलिमीटर त्रिज्येचा फिलेट मारला जातो. एवढ्या बोथट कोनावर त्या फिलेटची रुंदी होते सुमारे ०.३ मिलिमीटर. म्हणजे रेघ गेली नाही, तिला फक्त चकाकी आली.

जरा समंजस माणूस कोन हळूहळू वाढवतो. दिशा कलवल्यावर मागच्या टोकाला ७.५ अंश आणि कडेवर उणे ०.३ आहेत. ७.५ वरून कडेपर्यंत ३ अंशांवर सावकाश यायचं, मूळ आकारात जिथे ७.८ अंश उतरायचे तिथे आता ४.५ उतरायचे. अंडरकट गेला, पट्टे जुळले. तरीही त्या ४० मिलिमीटरच्या रेषेवर पट्टे कोपर मारतात. कारण मूळ पृष्ठभाग तिथे साधारण २९५ मिलिमीटर त्रिज्येने वळत होता आणि नवा पट्टा ५१० मिलिमीटर त्रिज्येने वळतो. स्पर्श जुळला, वक्रता उडाली. जी-१ चा दोष कसा दिसतो ते पाहायचं असेल तर असंच एक उदाहरण हाताने करून बघावं. रस्त्यावरच्या दिव्याचं प्रतिबिंब त्या रेषेपर्यंत एका जाडीचं असतं आणि रेषा ओलांडताच एकदम ताणलं जातं.

वक्रता जुळवायची तर पट्ट्याच्या सुरुवातीला त्रिज्या २९५ च ठेवावी लागते आणि तिथून कडेपर्यंत ती सैल करत न्यावी लागते. ४० मिलिमीटरांत हे बसवलं तर कडेजवळ त्रिज्या जवळजवळ १,९०० मिलिमीटर होते, म्हणजे कड सपाट पडते आणि भरीव वाटणारा आकार खाली मरगळतो. सुरुवात ६० मिलिमीटर मागून केली तर कडेची त्रिज्या ६७० च्या आसपास राहते आणि गोलाई टिकते. कड तेव्हा मूळ जागेपासून सुमारे १.१५ मिलिमीटर बाहेर जाते. एवढं स्टायलिंगवाला देतो, असा अनुभव आहे. पट्टा अरुंद ठेवायचा हट्ट, ‘आकाराला कमीत कमी हात लावू’ हा वरकरणी शहाणपणाचा विचारच, इथे आकार बिघडवतो.

हे पृष्ठभागात उतरवताना कंट्रोल पॉइंटच्या रांगांचा हिशोब लागतो. सांध्यालगतची पहिली रांग जागा ठरवते, दुसरी स्पर्श, तिसरी वक्रता. या तिन्ही हलवायच्या नाहीत. तिसऱ्या घाताच्या एकसंध पॅचमध्ये एका दिशेला चारच रांगा असतात, त्यामुळे तीन बांधल्यावर कडेची एकच रांग मोकळी उरते आणि तिच्याकडून कोनही नीट करून घेणं आणि वक्रताही नीट ठेवणं जमत नाही. पाचव्या घाताचा पॅच घेतला की सहा रांगा मिळतात: तीन मागच्या सांध्यासाठी, तीन ड्राफ्टसाठी. ड्राफ्ट आणि सातत्य यांच्यातलं भांडण पुष्कळदा या रांगांच्या टंचाईचं असतं, आणि ते घात वाढवून मिटतं. मात्र सातव्या-आठव्या घातावर गेलं की पृष्ठभाग स्वतःच्या मनाने लहरायला लागतो. झेब्रात ते सांध्यापासून दूर, पॅचच्या मधोमध पट्ट्यांच्या लाटा म्हणून दिसतं.

दोन तपासण्यांचं नातं याहूनही जवळचं आहे. ड्राफ्टच्या नकाशात दोन रंगांमधली सीमारेषा, समजा ३ अंशांची, म्हणजे काय? साचा उघडण्याच्या दिशेशी नॉर्मल जिथे सारखाच कोन करतो ती रेषा. म्हणजे तीच पोश्ल यांची आयसोफोट, प्रकाशाच्या जागी साच्याची दिशा धरलेली. तेव्हा तिलाही पट्ट्याचाच नियम लागू. पॅच जी-१ ने जुळले असतील तर ही रंगसीमा सांध्यावर कोपर मारते, जी-२ असेल तर सरळ पार होते. आमच्या कवचात खालचा पॅच बाजूच्या पॅचला कोपऱ्यात भेटतो. तिथे झेब्रा बघून काही कळत नव्हतं, कारण कोपरा घट्ट वळलेला आणि पट्टे दाटीवाटीने आलेले. ड्राफ्टच्या नकाशात मात्र हिरव्या-पिवळ्याची सीमा सांधा ओलांडताना स्पष्ट मोडलेली दिसते. राइनोमध्ये `DraftAngleAnalysis` चे दोन्ही कोन जवळजवळ आणून ठेवले, समजा २.९ आणि ३.१, तर रंगाचा एक अरुंद पट्टा मिळतो. तो कडेने फिरवून बघायचा आणि लगेच त्याच जागी `Zebra` लावायचा. दोन्हीकडे एकाच ठिकाणी कोपर दिसलं तर शंका नको.

उलट दिशेनेही हे उपयोगी पडतं. ही रंगसीमा कडेला समांतर, शांतपणे वाहत गेली पाहिजे. ती कुठे कडेकडे झुकली आणि परत फिरली तर तिथे पृष्ठभागात पोचा किंवा फुगवटा आहे, मग झेब्रात तो दिसो न दिसो. टूलरूमच्या माणसाला ही रेषा आधीच ओळखीची असते, कारण पार्टिंग लाइन तिच्यावरूनच ठरते. तो म्हणतो ‘लाइन नाचतेय’, आणि स्टायलिंगवाला तो साच्याचा प्रश्न समजून सोडून देतो. तक्रार खरं तर पृष्ठभागाची असते.

दोन्ही बटणांच्या पलीकडे जे राहतं ते पहिल्या ट्रायलला कळतं. मॉडेलमधला पृष्ठभाग निर्दोष असला तरी प्लास्टिक आकसतं. एबीएस साधारण अर्धा टक्का, म्हणजे १८० मिलिमीटरच्या कवचात जवळजवळ ०.९ मिलिमीटर. आकसताना ते बाहेरच्या कॅव्हिटीपासून सुटतं आणि आतल्या कोअरला आवळतं. त्यामुळे बाहेरून हिरवा दिसणारा भागही आतून चिकटू शकतो, आणि इजेक्टर पिनांचे पांढरे ठसे बाहेर उमटू शकतात. ड्राफ्टचा नकाशा कोन सांगतो, पकड सांगत नाही. आतल्या रिबा जाड असतील तर त्यांच्यामागे बाहेरचा पृष्ठभाग बसतो. म्हणून चकचकीत भागात रिबेची जाडी भिंतीच्या ४० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. झेब्राला याची काहीच खबर नसते, त्याच्या लेखी भाग कधी थंड झालेलाच नसतो.

ट्रायलचा भाग ट्यूबलाइटखाली धरल्यावर दोष कुठून आला ते त्याच्या आकारावरून ओळखता येतं. ओरखडा साचा उघडण्याच्या दिशेने ओढलेला आणि कडेजवळ दाट असेल तर ड्राफ्ट किंवा कॅव्हिटीचं पॉलिश बघायचं. पॉलिशच्या रेघा उघडण्याच्या दिशेला आडव्या राहिल्या तर पुरेसा ड्राफ्ट असूनही तसंच दिसतं. प्रतिबिंबात बशीसारखा खळगा दिसला आणि मागे रिब किंवा बॉस असेल तर तो आकसण्याचा. प्रतिबिंब एका लांब, नेमक्या रेषेवर मोडत असेल आणि त्या रेषेच्या मागे आत काहीच नसेल, तर पृष्ठभागाच्या फाइलमध्ये तोच सांधा शोधायचा. तो सांधा फाइलमध्ये जी-२ निघाला तर पॉलिशवाल्याच्या हाताने पोलादावर तो गोल झाला का, ते मोल्डवर उजेड पाडून पाहायचं. तिथेही रेषा नसेल तर कूलिंग तपासायला घ्यायचं.